बरोब्बर ६० पडले तर?

फोंड्यात आमच्या भजन स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी नियम होता, ‘६० च्या वर’. एका पथकाला नेमके ६० पडले आणि वाद पेटला. शब्दशः घेतलं तर ते बाहेर, पण सगळ्यांच्या मनात ‘६० धरून’ होतं. म्हणून पत्रकातच ‘६० किंवा अधिक’ छापा आणि शीटमध्ये `>` नको, `>=` घाला.

खरी गोम सरासरीत असते. तीन परीक्षकांचे ५८, ६० आणि ६१ म्हणजे सरासरी ५९.६७. दशांश लपवलेल्या रकान्यात ६० दिसतं, सूत्र मात्र अपात्र ठरवतं. आम्ही आता बेरजेलाच अट लावतो:

```
=IF(SUM(B2:D2)>=180,"पात्र","अपात्र")
```

जागा आठच असतील, तर बरोबरी कशी सोडवायची तेही गुण हाती येण्याआधी लिहून ठेवा.