डॅनियल सेल फळ्यावर काढताय? या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना काही चुका अशा दिसतात की त्या मुलांच्या नाहीतच, फळ्यावरून उतरलेल्या आहेत, हे लगेच कळतं. विद्युत रसायनाच्या धड्यात हे सगळ्यात जास्त होतं. इंदूरला बरीच वर्षं हा धडा शिकवतेय, आणि यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

एक चित्र पुसून त्याचंच दुसरं चित्र करणं

त्या वर्षी फळ्याच्या मधोमध झकास डॅनियल सेल काढला होता. डावीकडे जस्त, उजवीकडे तांबं, वर व्होल्टमीटर, तारेशेजारी जस्ताकडून तांब्याकडे जाणारा इलेक्ट्रॉनचा बाण. मग पुढचा मुद्दा आला: बाहेरून 1.10 व्होल्टपेक्षा जास्त दाब उलट दिशेने लावला, तर अभिक्रिया उलटी फिरते. मला घाई होती. बोटाने बाणाचं टोक पुसलं, दुसऱ्या बाजूला काढलं, व्होल्टमीटर पुसून तिथे बॅटरी काढली, ‘ऐनोड’ आणि ‘कॅथोड’ची अदलाबदल केली. दोन मिनिटांत काम झालं आणि मी खूश.

आठवड्याने वह्या आल्या. सावकाश उतरवणाऱ्या मुलांच्या वहीत शीर्षक ‘डॅनियल सेल’, बाण उलटा, आणि खाली जस्त विरघळण्याचं समीकरण. काहींनी बाण पहिल्या चित्राचा आणि नावं दुसऱ्या चित्राची घेतली होती. एकीने तर नावांबरोबर चिन्हंही फिरवली, जस्त अधिक आणि तांबं उणे. तिला मी काय बोलणार? माझ्या फळ्यावरून तसंच वाटत होतं.

खरी मेख इथेच आहे. उलट्या दाबाने नावं बदलतात, चिन्हं बदलत नाहीत. आधी जस्त विरघळत होतं, म्हणजे तिथे ऑक्सिडेशन, म्हणून ते ऐनोड, आणि ते उणे. दाब वाढवल्यावर त्याच पट्टीवर जस्त साचायला लागतं, म्हणजे रिडक्शन, म्हणून ते आता कॅथोड. पण ते बॅटरीच्या उणे टोकालाच जोडलेलं असतं, त्यामुळे उणेच राहतं. तांबंही तसंच: अधिक होतं, अधिकच राहतं, फक्त कॅथोडचं ऐनोड होतं. ही तुलना दोन चित्रं शेजारी असतील तरच डोळ्यांना दिसते. पुसलेल्या चित्राशी तुलना करायची कशी?

म्हणूनच मी आता ‘धनाग्र’ आणि ‘ऋणाग्र’ हे शब्द या धड्यात फळ्यावर लिहीत नाही. आमच्या घरात मराठी पुस्तकांतून शिकलेल्यांच्या तोंडी ते बसलेले आहेत, माझ्याही. पण ऐनोडला धनाग्र म्हणायचं आणि डॅनियल सेलमध्ये त्याच्यावर उणे चिन्ह काढायचं, ही फळ्यावर जाणूनबुजून पेरलेली गफलत आहे. ऐनोड लिहा, खाली ‘ऑक्सिडेशन’ लिहा, चिन्ह वेगळं काढा.

जागा पुरत नाही, हे कारण मला सांगू नका. आमचा फळा आठ फूट बाय चार फूट आहे. आदल्या रात्री वहीत 16 सेंटिमीटर बाय 8 सेंटिमीटरचा चौकोन आखते, म्हणजे एक फूट बरोबर 2 सेंटिमीटर. डावीकडचा दीड फूट शीर्षकाला आणि दोन E° किमतींना. मग अडीच-अडीच फुटांचे दोन कप्पे, दोन चित्रांसाठी. उजवीकडचा दीड फूट कच्च्या कामाला, आणि तास चालू असताना पुसायचा तो फक्त तेवढाच. एक चंचुपात्र साधारण नऊ इंच, मधली फट सहा इंच, म्हणजे पूर्ण सेल दोन फुटांत बसतो आणि नावं लिहायला बाजूला थोडी जागा उरते. नर्न्स्टचं समीकरण त्या दिवशी घेतच नाही. एका तासात सेल, उलटा सेल आणि नर्न्स्ट उरकणारे नवे सर दरवर्षी भेटतात. पोर्शन त्यांचा संपतो, मुलांचा नाही.

समीकरणं जागा मिळेल तिथे लिहिणं

हा माझा दुसरा लाडका राग. चित्र मधोमध, एक अर्ध-अभिक्रिया वर कोपऱ्यात, दुसरी खाली खिडकीच्या बाजूला. मुलं वहीत उतरवतात तेव्हा कोणतं समीकरण कोणत्या पात्राचं, हे हरवतं.

डाव्या पात्राच्या बरोबर खाली लिहा:

Zn → Zn²⁺ + 2e⁻

उजव्या पात्राच्या खाली, त्याच ओळीत:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

आता चित्रावरून बोट डावीकडून उजवीकडे फिरवा: जस्ताची पट्टी, जस्ताचं द्रावण, सॉल्ट ब्रिज, तांब्याचं द्रावण, तांब्याची पट्टी. तेच खाली लिहिलं की

Zn | Zn²⁺ || Cu²⁺ | Cu

झालं. पाठ करायला काही उरलंच नाही. एक उभी रेघ म्हणजे पट्टी आणि द्रावण यांची सीमा, दोन रेघा म्हणजे ब्रिज. आणि सेलचं विभव म्हणजे उजवं वजा डावं:

E° = 0.34 − (−0.76) = 1.10 V

कंस सोडू नका, दोन वजा चिन्हं शेजारी आली की निम्मा वर्ग −0.42 च्या गल्लीत शिरतो. आणि हे सगळं जस्त डावीकडे असेल तरच जुळतं. तांबं डावीकडे काढून ‘समजून घ्या’ म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

बाण आणि रेघा एकसारख्या काढणं

चित्रात बाणाचं टोक फक्त त्यालाच, जे खरंच हलतं. इलेक्ट्रॉनचा बाण तारेवर नको, तारेशेजारी काढा आणि वर e⁻ लिहा. ब्रिजमधले आयन ब्रिजच्या आत दाखवा: ऋण आयन जस्ताच्या पात्राकडे, धन आयन तांब्याच्या पात्राकडे. ‘जस्ताची पट्टी’ हे नाव दाखवणारी रेघ साधी आडवी, टोक नसलेली. नाहीतर कुणीतरी विचारतंच, “मॅडम, ये ज़िंक किधर जा रहा है?”

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

सॉल्ट ब्रिजचे पाय द्रावणात बुडलेले काढा, हवेत लोंबकळणारा ब्रिज काही जोडत नाही. म्हणून मी द्रावणाची पातळी आधी आखते, मग पट्ट्या, मग ब्रिज, मग तार, नावं, आणि बाण सगळ्यात शेवटी.

हिरव्या फळ्यावर लाल आणि निळा खडू मागच्या बाकावर दिसत नाही. पांढरा आणि पिवळा पुरतो, पिवळा फक्त इलेक्ट्रॉनला. खजुरी बाजारातून रंगीत खडूंचा डबा आणून कॉपर सल्फेट निळं रंगवत बसू नका, ‘निळं द्रावण’ एवढं लिहा.

चित्र काढताना बोलायला हरकत नाही, पण स्वतः मधे उभं राहून काढू नका. आणि एकदा तरी शेवटच्या बाकावर जाऊन बसा. मला पहिल्यांदा तिथूनच कळलं की माझा घातांकातला 2+ कुणालाच दिसत नव्हता.

तास संपता संपता मॉनिटर डस्टर घेऊन उभा राहतो, “मैडम, बोर्ड मिटा दूँ?” तो फक्त उजवीकडचा दीड फूट पुसतो. बाकीचं पुढच्या तासाच्या सरांनी येऊन पुसावं, तोवर सावकाश लिहिणाऱ्या पोरांना दोन मिनिटं मिळतात.