नमस्काराआधी नाडी: पहाटेची तयारी

सूर्यनमस्कार सुरू करायचे ठरवलंत की पहिला आठवडा एकही नमस्कार घालू नका. त्या आठवड्यात फक्त रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहा. पुढे दोन-तीन महिन्यांनी ‘फरक पडला का’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर या पहिल्या सात आकड्यांशिवाय देता येत नाही. सात आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडा आणि मधला घ्या, म्हणजे चौथा. ती तुमची सुरुवातीची नाडी. एकाच दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, कारण रात्री झोप कमी झाली, थोडी कसर आली, पाणी कमी प्यायलं गेलं, एवढ्यानंही नाडी पाच-सात ठोके इकडची तिकडे होते.

मोजायची वेळ ठरवून टाका: उठल्यावर लघवीला जाऊन यायचं आणि चहाच्या आधी मोजायचं. आपल्याकडे सकाळी मिश्री लावायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे, तेव्हा हे मोकळेपणानं सांगते: नाडी मिश्रीच्याही आधी मोजा. तंबाखूतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि ठोके वाढवतं. मिश्री लावून मोजलेली नाडी आणि न लावता मोजलेली नाडी एका रकान्यात लिहिली तर ती वही वाचता येत नाही. (मिश्री सोडलीत तर आनंदच आहे, पण आज विषय मोजणीचा आहे.)

आदल्या रात्रीच एक खुर्ची भिंतीपाशी ठेवा. सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर, वही, पेन आणि सतरंजी तिच्याजवळ असू द्या. योगाची मॅट नसली तरी चालेल. मात्र सोलापुरी चादर गुळगुळीत फरशीवर अंथरून त्यावर नमस्कार घालू नका, ती सरकते. खाली रबरी पायपुसणं घालून वर सतरंजी टाकली की पाय घट्ट बसतो. पोट रिकामं हवं. फारच भूक लागत असेल तर अर्धा तास आधी एखादं केळं खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता बोटांचा सराव. डाव्या हाताचा तळवा वर करून मांडीवर ठेवा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या त्याच बाजूला, हाड आणि शीर यांच्यामधल्या खळगीत उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठ्यानं मोजू नका. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो आणि तोच मोजला जातो. फार दाबलं तर नाडी बंद पडल्यासारखी वाटते. तसं झालं तर दाब कमी करत या, ठोका पुन्हा बोटाला लागेल. टायमर सुरू करताना लागलेला ठोका ‘शून्य’ धरा आणि पुढचा ‘एक’. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मोजण्याआधी पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, कुणाशी न बोलता बसा.

या पाच मिनिटांत प्राणायाम करू नका, श्वास आपोआप चालू द्या. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुण माणसांत आणि दीर्घ श्वास घेणाऱ्यांत हे जास्त जाणवतं. अनुलोम-विलोम करता करता मनगट धरून बसलेल्या एक अक्का घाबरून विचारत होत्या, “ताई, मध्येच जोरात पळतंय, मध्येच थांबतंय, हृदयाला काय झालं का ओ?” श्वासाबरोबर असं हेलकावणं नेहमीचं आहे. पण शांत श्वासातही ठोके कसल्याच तालात नसतील, कधी लवकर, कधी उशिरा, मध्ये गळल्यासारखे, तर पूर्ण एक मिनिट मोजा, तसं वहीत लिहा आणि ईसीजी काढून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. अशा नाडीत मनगटावरची मोजणी हृदयाच्या खऱ्या ठोक्यांपेक्षा कमी भरू शकते.

निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते. त्या मर्यादेत आहे म्हणून कुणी गाफील राहू नये. छातीत दुखणं, चार पावलांत धाप लागणं, अलीकडचं ऑपरेशन, हर्निया, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, गोळ्या घेऊनही आटोक्यात नसलेलं बीपी, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. गरोदर बायकांनीही पोटावर टेकायचे आणि खोल वाकायचे हे नमस्कार स्वतःच्या मनानं करू नयेत.

नमस्कारांची संख्या आणि वेगही आधीच ठरवा. मी सुरुवातीला चारच घालायला सांगते. एका स्थितीला एकेक श्वास, म्हणजे एक नमस्कार सुमारे मिनिटभरात. हात वर नेताना श्वास आत, वाकताना बाहेर. पादहस्तासनात गुडघे वाकले तर वाकू द्या. साष्टांग नमस्कारात पुस्तकं श्वास रोखायला सांगतात, तिथे तुम्ही रोखू नका. श्वास धरून जोर लावला की बीपी एकदम चढतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी वाकलेल्या स्थितीतून झटकन उभं राहू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते. हात मांडीवर टेकत, दोन श्वास घेऊन उठा. गुडघ्यांनी साथ दिली नाही तर हेच वाकणं-ताणणं खुर्चीवर बसून करता येतं, आणि त्याची नाडीही याच पद्धतीनं मोजता येते.

वेग जास्त होतोय की नाही हे नमस्काराच्या नावांवरून कळतं. ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः, ॐ सूर्याय नमः, ॐ भानवे नमः. प्रत्येक नमस्काराआधी पुढचं नाव मोठ्यानं, एका दमात म्हणता आलं पाहिजे. ‘भानवे’ला श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्यांनी तर हीच खूण धरावी, कारण ती गोळी नाडी चढूच देत नाही. माणूस दमलेला असतो आणि आकडा मात्र कमी दिसतो.

चौथा नमस्कार संपला की लगेच त्याच खुर्चीवर बसा, बोटं ठेवा आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. इथे तीस सेकंद मोजत बसलात तर तेवढ्यात नाडी उतरायला लागते आणि आकडा कमी येतो. एक मिनिट झाल्यावर पुन्हा पंधरा सेकंद, आणि पाच मिनिटांनी तीस सेकंद. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर चारचा फरक पडतो, म्हणून दोन-चार ठोक्यांच्या बदलावर अर्थ लावू नका. शवासन या तिन्ही मोजण्या झाल्यावर करा. बरेच जण आधी उभं राहून मोजतात, शेवटी शवासनात आडवं पडून मोजतात आणि योगानं ठोके दहानं उतरले म्हणून खूश होतात. उभ्या माणसाची नाडी आडव्या माणसापेक्षा तशीही जास्त असते. तो फरक नुसतं आडवं पडण्याचा आहे.

एक वही उघडून दाखवते. सोलापूरच्या पूर्वभागातल्या एक अक्का, वय पन्नाशीच्या पुढे, विड्या वळायला दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या, नाडीवर परिणाम करणारी कुठलीही गोळी चालू नाही. दिवाळीनंतर सुरुवात केली तेव्हा बसून नाडी 82 होती. चार नमस्कारांनंतर लगेच 112, एका मिनिटानं 100, पाच मिनिटांनी 86. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, तेच चार नमस्कार त्याच वेगानं घातले, तेव्हाचे आकडे असे: बसून 76, लगेच 104, मिनिटानं 84, पाच मिनिटांनी 78. नमस्कारांनी नाडी आधी 30 नं चढत होती, आता 28 नं. म्हणजे चढणं जवळजवळ तेवढंच राहिलं, सगळी ओळच खाली सरकली. मोठा फरक पहिल्या मिनिटात आहे: आधी 12 ठोके उतरत होते, आता 20. श्रम थांबले की हृदयाला सावकाश करणारी व्हेगस नावाची नस आवर घालते, आणि नियमित सरावानं हा आवर लवकर बसतो. कित्येकांच्या वहीत बसलेली नाडी जागची हलायच्या आधी हा रकाना बदलतो, म्हणून मी तोच आधी बघते.

बसलेली नाडी मात्र थोडीच उतरते, आणि तीही काही आठवड्यांनंतर. जिची मुळात 64 आहे तिची बहुधा तेवढीच राहील, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. हळुवार नमस्कारांचा हृदयावर भार बेताचा असतो. आकडे आणखी हलवायचे असतील तर संध्याकाळी कंबर तलावाच्या बाजूनं अर्धा तास भरभर चालणं जोडा. बीपीही काही महिन्यांत थोडं उतरू शकतं, पण त्या आधारावर गोळी बंद करायची नाही. वही डॉक्टरांसमोर ठेवायची आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

याच अक्कांची बसलेली नाडी एप्रिलात पुन्हा 82 झाली आणि त्या हिरमुसल्या. सराव तोच होता, बदलला होता सोलापूरचा उन्हाळा. पत्र्याची खोली रात्रीही तापलेली, झोप तुटक, घाम भरपूर आणि पाणी कमी. अंग थंड ठेवायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, आणि तेवढंच काम भागवायला हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं. म्हणून मार्च ते मे वहीत वेगळी खूण करा. सूर्योदयापूर्वी, दारं-खिडक्या उघडून मोजा, उठल्यावर पेलाभर पाणी प्या, आणि एप्रिलचे आकडे जानेवारीशी न जोडता पुढच्या एप्रिलसाठी ठेवा.

शेवटच्या रकान्यात शेरा लिहायला जागा सोडा: ताप, जागरण, पाळी, उपास, नवीन गोळी. सकाळची नाडी तुमच्या नेहमीच्या मधल्या आकड्यापेक्षा आठ-दहानं जास्त असेल तर त्या दिवशी नमस्कार घालू नका, हळूहळू हात-मान फिरवून शवासन करा. तीन-चार दिवस तशीच राहिली, किंवा 50 च्या खाली जाऊन चक्कर येऊ लागली, तर दवाखान्यात जा. नमस्कार घालताना छातीत दाबल्यासारखं झालं, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, दरदरून घाम फुटला, तर नाडी मोजत बसू नका. 108 ला फोन लावा.