सांगलीतल्या रेस्टॉरंटमध्ये कॅमेरे लावताना: गल्ला, हॉल आणि अकरा मिनिटं

विश्रामबाग भागातल्या एका अठरा टेबलांच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी मॅनेजर म्हणून लागलो, तेव्हा कॅमेरे आधीच बसवलेले होते. बसवणाऱ्याने रेकॉर्डिंग साठवणारा आठ चॅनेलचा डीव्हीआर दिला आणि हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे ठोकले. सगळं दिसत होतं, पण कामाचं काहीच दिसत नव्हतं. या धंद्यात नव्याने मॅनेजर होणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण कॅमेऱ्याने मी एका निर्दोष मुलावर आळ घेता घेता वाचलो.

आमच्याकडे रोजचा गल्ला बरोबर जुळायचा, तरी पनीर आणि चिकनचा खप विक्रीपेक्षा जास्त निघत होता. गल्ला जुळतोय आणि माल जुळत नाही, असं दिसलं की पहिल्यांदा रद्द झालेली बिलं बघावीत. गिऱ्हाईक रोख पैसे देऊन निघून जातं, मागाहून बिल रद्द होतं आणि तेवढी रक्कम हिशेबातूनच गायब होते. रात्री ती खिशात गेली तरी गल्ल्यात तूट दिसत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून मी महिन्याचा रद्द बिलांचा रिपोर्ट काढला, तर बहुतेक बिलं रात्री साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यानची होती.

त्यातलं एक बिल घेतलं. टेबल सात, 640 रुपये, 9:37 ला छापलेलं आणि 9:42 ला रद्द केलेलं. रेकॉर्डिंगमध्ये तीच वेळ लावली तर काउंटरवर बदली मुलगा बसलेला. कॅशियर जेवायला गेला की तो 9:10 ते 9:35 काउंटर सांभाळायचा. मला वाटलं, सापडला. त्याला बोलवायच्या आधी सहज हॉलचा कॅमेरा लावून बघितला. घड्याळात 9:42 दिसत होतं आणि सात नंबरवरचं कुटुंब अजून जेवतच होतं. जेवण चालू असताना बिल छापून रद्द कसं होईल? मग बिलिंगच्या कॉम्प्युटरची आणि डीव्हीआरची वेळ शेजारी ठेवून पाहिली. डीव्हीआर अकरा मिनिटं पुढे होता. म्हणजे मी बघत होतो ते खऱ्या 9:31 चं चित्र. रेकॉर्डिंग 9:53 ला नेलं, तेव्हा काउंटरवर कॅशियर होता. दोन मिनिटं आधी कुटुंबाने पैसे दिले होते आणि नोटा गल्ल्यात गेल्या होत्या.

डीव्हीआर नेटला जोडलेला नसेल तर घड्याळ हळूहळू सरकत जातं. नेट असेल तर सेटिंगमध्ये नेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारं NTP चालू करून टाइम झोन +5:30 लावावा. तरीही भरवसा ठेवू नये. बिल छापतानाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि त्यावरची वेळ पडद्यावरच्या वेळेशी ताडून बघायची.

त्या चित्रात नोटा दिसल्या, पण किती आणि कोणत्या ते दिसलं नाही. कॅमेरा पाच मीटर लांब कोपऱ्यात होता, लेन्स 2.8 मिलिमीटरची. ही लेन्स रुंद दाखवते. पाच मीटरवर साधारण साडेनऊ मीटर रुंदीचं दृश्य त्यात येतं, त्यामुळे हातातली नोट म्हणजे चार ठिपके. आम्ही तो हॉलचा कॅमेरा काढून 6 मिलिमीटरची लेन्स असलेला एक कॅमेरा काउंटरच्या वर बसवला. त्यात ड्रॉवर, प्रिंटर आणि पैसे घेणारे हात यावेत एवढंच पाहिलं. पण वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला गिऱ्हाइकाचा मोबाईलही दिसतो, आणि त्यावर ते यूपीआयचा पिन टाकतं. म्हणून क्यूआरचा स्टँड आणि कार्डाचं मशीन काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, चौकटीबाहेर नेलं. जागा नसेल तर डीव्हीआरमध्ये तेवढा भाग काळा झाकता येतो, त्याला प्रायव्हसी मास्क म्हणतात.

नवा कॅमेरा लागल्यावर तीन दिवसांची चार रद्द बिलं आणि त्या त्या वेळचं रेकॉर्डिंग अशा जोड्या समोर ठेवल्या आणि कॅशियरने कबूल केलं. पण खरा फरक पडला तो बिल रद्द करायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे घेतल्यावर, आणि कारण लिहिणं सक्तीचं केल्यावर. आधी तो पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता. हे कुलूप आधी लावलं असतं तर कॅमेऱ्याने पकडायची वेळच आली नसती, असं माझं मत आहे.

हॉलचा प्रश्न वेगळाच निघाला. आमच्याकडची पाच पोरं शटर ओढल्यावर हॉलमध्येच अंथरूण टाकतात. त्यातला एक मला म्हणाला, "साहेब, आम्ही कपडे बदलतो तेव्हापण कॅमेऱ्यांचे ते लाल दिवे चालूच असतात." मी खजील झालो. मालक घरून मोबाईलवर हॉल बघायचे, हे त्या पोरांना माहीत होतं. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "रात्री रेकॉर्डिंग बंद व्हायचं वेळापत्रक लावा." पण वेळापत्रक डीव्हीआरच्या आत असतं, झोपणाऱ्याला ते दिसत नाही. त्याचा विश्वास कसा बसणार? म्हणून हॉलच्या कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा वेगळा काढून भिंतीवर साधं बटण दिलं. शटर पडलं की पोरं स्वतः बटण बंद करतात, लाल दिवे विझलेले बघतात. काउंटर आणि बाहेरच्या शटरचा कॅमेरा चालूच राहतो. काउंटरच्या चौकटीत झोपायची जागा येत नाही, हे त्यांना पडद्यावर दाखवलं. नेटवर्क केबलवरूनच वीज घेणारे कॅमेरे असतील तर त्यांचा नेटवर्क स्विच वेगळा ठेवावा लागतो, ते आधीच बसवणाऱ्याला सांगा.

पाहुण्यांसाठी फॅमिली रूममधला कॅमेरा काढला, फक्त बाहेरच्या बोळातला ठेवला. बेसिनकडचा मात्र फसवा होता. दार बंद असताना चित्रात काहीच आक्षेपार्ह नव्हतं. दार उघडून पाहिलं तर बेसिनवरच्या आरशात स्वच्छतागृहाचा आतला भाग दिसला. तोही काढला. प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र दारं उघडी ठेवून आणि रात्री दिवे लावून तपासावं. सगळ्यांचे माइकही बंद केले; टेबलावरचं बोलणं ऐकून चोरी पकडली जात नाही.

धोरण एकाच पानाचं आहे. कॅमेरा कुठे आहे आणि कशासाठी, हे प्रत्येकापुढे एका ओळीत. रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं, कारण रद्द बिलं आम्ही दर आठवड्याला तपासतो आणि त्याहून जुनं आम्हाला लागत नाही. आता पाच कॅमेरे उरलेत. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण 2 एमबीपीएसवर दिवसाला 21-22 जीबी घेतो, म्हणजे पाचांचे पंधरा दिवसांचे 1.6 टीबी, म्हणून 2 टीबीची डिस्क पुरते. रेकॉर्डिंग बघायचं तर दोघांनी मिळून, तारीख, वेळ आणि कारण वहीत लिहून. क्लिप कुणाच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला ती आधी दाखवायची आणि त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं. रेस्टॉरंट बंद झाल्यानंतर मालकांच्या मोबाईलवर फक्त काउंटर आणि शटर. यावर ते आठवडाभर नाराज होते, मग तयार झाले. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे राहिला होता, तोही बदलला.

आमच्याकडे कानडी आणि हिंदी बोलणारी पोरं आहेत. म्हणून ते पान नुसतं सही करायला दिलं नाही, दुपारच्या बंद वेळेत वाचून दाखवलं आणि कॅशियरच्या बदली मुलाला मधे बसवलं. दारावरच्या पाटीवर कॅमेरा कशासाठी आहे आणि कुणाला विचारायचं, हे आत येण्याआधी वाचता येईल अशा जागी लिहिलंय. दर सोमवारी सकाळी तोच मुलगा पहिलं बिल छापून काउंटरच्या कॅमेऱ्यासमोर धरतो, आणि मी पडद्यावरची वेळ मोठ्याने वाचतो.