माणसं काढली, तरी नूतनीकरणाचं बिल जुन्याच सीट्सचं

वर्षाच्या सुरुवातीला आमच्या टीमच्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीत 40 सीट्स, म्हणजे 40 जणांच्या वापराचे परवाने, होत्या. मध्येच 6 वाढवल्या; मुदतीचे पाच महिने उरले होते, म्हणून त्यांचे वार्षिक दराच्या 5/12 एवढेच पैसे लागले. पुढे 9 जण सोडून गेले, त्यांची खाती बंद केली. तरी नूतनीकरणाचा अंदाज 46 सीट्सचाच!

खाती कायमची पुसून पाहिली, सीट्स लगेच कमी करायचाही प्रयत्न केला. दोन्ही फुकट गेलं, फार वैताग आला.

खातं काढलं की सीट फक्त रिकामी होते, विकत घेतलेला आकडा तसाच राहतो. आमच्या वार्षिक करारात तो मुदतीत वाढतो, पण कमी फक्त नूतनीकरणालाच होतो.

शेवटी हे चाललं: आधी न स्वीकारलेली निमंत्रणं रद्द केली, कारण तीही सीट अडवतात. मग आपोआप सीट वाढवण्याची सोय बंद केली, नाहीतर नवं निमंत्रण आकडा पुन्हा चढवतं. त्यानंतर बिलिंगमध्ये ‘पुढील मुदतीच्या सीट्स’ 37 करून जतन केलं आणि पुढच्या बिलाचा अंदाज पुन्हा उघडून 37 दिसतात ना, ते पाहिलं.

हे कराराच्या सूचना-मुदतीआधीच करा. आमची नूतनीकरणाच्या आधीच्या 30 दिवसांची होती. ती सुरू झाली की आकडा गोठतो.