दुबईतला व्हॅट, पुण्यातला जीएसटी

दुबईत बरीच वर्षं अकाउंटंट होतो. पुण्यात परतल्यावर जिथे जावं तिथे एकच प्रश्न यायचा, "तिकडचं राहू द्या, जीएसटी येतं का?" बायोडेटातलं ‘व्हॅट रिटर्न’ वाचून समोरच्याला काहीच बोध होत नव्हता.

मग मी पदनामं बाजूला ठेवली आणि एका कोऱ्या कागदावर एक व्यवहार मांडला. तिकडे व्हॅट ५ टक्के. १ लाख दिरहमची खरेदी, त्यावर ५ हजार कर भरला. १ लाख ४० हजारांची विक्री, त्यावर ७ हजार गोळा केला. सरकारजमा २ हजार. जीएसटीतलं इनपुट क्रेडिट हेच. फरकही स्वतःहून सांगायचो: इथे सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी वेगळे, आणि पुरवठादाराचं बिल जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या विवरणात दिसल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. टीडीएसचं काम तिकडे नव्हतंच, ते इथे येऊन शिकलो, हेही सरळ सांगायचो.

एका कारखान्याच्या मालकांनी तो कागद जवळ ओढला आणि म्हणाले, "आमची २बी जुळत नाहीये, बघता का?" तिथेच दोन पुरवठादारांची न दिसणारी बिलं काढून दिली. पुढच्या सोमवारपासून रुजू झालो.