डिफेन्स जमला असं वाटलं की आधी ग्रेडियंट बघा: अ‍ॅडव्हर्सेरियल एक्झाम्पल्सवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये इंजिनिअरिंग करताय आणि इमेज क्लासिफिकेशनचा प्रोजेक्ट आहे म्हणजे निम्म्या ग्रुप्सचा विषय द्राक्षाचं पान हाच असणार, आमचाही तोच होता. डाऊनी आणि भुरी हे दोन रोग आणि निरोगी असे तीन क्लास, फोटो दिंडोरीच्या मामांच्या बागेतले, आणि प्रीट्रेन्ड रेसनेट-१८ फाइनट्यून केलेलं. इथपर्यंत तुम्हाला सगळं येतं असं धरून चालते.

पुढचा भाग अ‍ॅटॅकचा, म्हणजे माणसाला तोच दिसणारा पण मॉडेलला फसवणारा फोटो, अ‍ॅडव्हर्सेरियल एक्झाम्पल, बनवायचा. डाऊनीचे पिवळे तेलकट डाग स्वच्छ दिसणारा फोटो घ्यायचा, लॉसचा ग्रेडियंट वेट्सच्या ऐवजी पिक्सेल्सच्या बाबतीत काढायचा, त्याचं फक्त चिन्ह घ्यायचं आणि प्रत्येक पिक्सेल त्या दिशेला इवलासा, एप्सिलॉन एवढा, सरकवायचा. यालाच एफजीएसएम म्हणतात, गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेलं. त्यांच्या पेपरातला पांडा ५७.७ टक्के खात्रीने पांडा होता तो ९९.३ टक्के खात्रीने गिबन झाला, आमचं डाऊनीचं पान तसंच छातीठोकपणे 'निरोगी' झालं. दोन्ही फोटो मामांना दाखवले तर म्हणाले, "अगं, एकच फोटो दोनदा काय दाखवतेस, दोन्हीला डाऊनीच आहे."

```python
x.requires_grad_(True)
loss = F.cross_entropy(model(x), y)
g, = torch.autograd.grad(loss, x)
x_adv = (x + eps * g.sign()).clamp(0, 1).detach()
```

एवढ्याशा बदलाने मॉडेल का फसतं हे व्हायव्हाला हमखास विचारतात आणि "मॉडेल ओव्हरफिट झालंय" हे उत्तर देऊ नका प्लीज. २२४ बाय २२४ चा रंगीत फोटो म्हणजे १,५०,५२८ आकडे. समजा मॉडेल साधं लिनिअर आहे आणि वेट्स सरासरी ०.०१ एवढेच आहेत. प्रत्येक आकडा २/२५५ ने, म्हणजे डोळ्याला कळणारच नाही इतका हलवला, पण प्रत्येक वेळी वेटच्या चिन्हाच्या दिशेने, तर थेंबे थेंबे तळे साचून स्कोअर जवळजवळ १२ ने सरकतो. हेच चिन्ह नाणं उडवून ठरवलं तर अधिक-उणे एकमेकांना खातात आणि बदल साधारण ०.०३ च्या आसपास राहतो. म्हणून तेवढाच रँडम नॉइज टाकून बघा, मॉडेल ढिम्म हलत नाही. ही तुलना रिपोर्टात ठेवाच, गुन्हा बदलाच्या आकाराचा नसून दिशेचा आहे हे त्यातूनच दिसतं. खरं नेटवर्क लिनिअर नसतं, पण रेलूवालं नेटवर्क छोट्या अंतरात बऱ्यापैकी तसंच वागतं.

जाता जाता, एप्सिलॉन ० ते १ च्या पिक्सेलमध्येच मोजा आणि नॉर्मलायझेशन मॉडेलच्या आत टाका, नाहीतर ८/२५५ लिहूनही प्रत्यक्षात २/२५५ पेक्षा कमीच बदल होतो.

आता ज्यात मी अडकले ते, आणि हे जरा लांबण लावून सांगणार आहे. अ‍ॅटॅक झाला की गाईड म्हणतात आता डिफेन्स करा. सगळ्यात सोपा सुचतो तो म्हणजे इनपुटचे रंग कमी करणे, २५६ पातळ्यांच्या जागी ८, म्हणजे इवलासा बदल राउंडिंगमध्येच गळून जाईल. मॉडेलच्या सुरुवातीला `torch.round(x * 7) / 7` ही एक ओळ घातली, परत एफजीएसएम चालवलं आणि एकाही फोटोचा निकाल फिरला नाही. ग्रुपमध्ये पार्टी वगैरे ठरली.

झालं होतं असं की राउंडचा आलेख पायऱ्यांसारखा असतो, प्रत्येक पायरी सपाट, म्हणून पायटॉर्च त्याचा ग्रेडियंट शून्य देतं. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, निमूटपणे शून्य. शून्याचं चिन्ह शून्य, त्याला एप्सिलॉनने गुणलं तरी शून्य, म्हणजे `x_adv` हा मूळ फोटोच. आम्ही अ‍ॅटॅक न झालेल्या फोटोंवर अ‍ॅक्युरसी मोजत होतो. ओळखायची खूण समोरच होती, अ‍ॅटॅकच्या आधीची आणि नंतरची अ‍ॅक्युरसी दशांशापर्यंत तंतोतंत सारखी. खरा डिफेन्स कितीही चांगला असला तरी थोडी तरी पडझड होतेच. तेव्हा ही ओळ कायम चालवा:

```python
print((x_adv - x).abs().max())
```

इथे शून्य आलं तर तुमचा डिफेन्स तपासलाच गेलेला नाही. उपाय असा की पुढे जाताना राउंड होऊ द्यायचं आणि मागे येताना राउंड नव्हतंच असं समजून ग्रेडियंट जाऊ द्यायचा, याला बीपीडीए म्हणतात:

```python
q = torch.round(x * 7) / 7
x_in = x + (q - x).detach()
```

`x_in` मॉडेलला द्या, एफजीएसएमच्या ऐवजी तेच पाऊल छोटं करून अनेकदा टाकणारं पीजीडी चालवा. आमचा डिफेन्स यात पत्त्याच्या बंगल्यासारखा कोसळला. पार्टी रद्द.

रडू नका मात्र, हे भल्याभल्यांचं झालंय. २०१८ मध्ये अथल्ये, कार्लिनी आणि वॅग्नर यांनी आयसीएलआर या मोठ्या परिषदेत त्याच वर्षी स्वीकारलेले नऊ डिफेन्स तपासले, त्यातले सात अशाच झाकलेल्या ग्रेडियंटवर उभे होते, सहा पूर्ण मोडले आणि एक अर्धवट. त्याआधी डिफेन्सिव्ह डिस्टिलेशनचंही तेच झालं. तिथे राउंड नव्हतं, पण मॉडेलची खात्री इतकी टोकाला जायची की लॉस शून्यावर चिकटायचा आणि ग्रेडियंट गायब.

म्हणजे ग्रेडियंट अगदी शून्यच असेल असं नाही, नुसता निरुपयोगी असला तरी हाच घोळ होतो आणि तेव्हा वरची प्रिंटची ओळ पकडत नाही. त्यासाठी एप्सिलॉन वाढवत १२८/२५५ पर्यंत न्या. एवढ्या मोकळिकीत कुठलाही फोटो सपाट करडा करता येतो, त्यात डाऊनी ना भुरी, मग तिथेही तुमची अ‍ॅक्युरसी नव्वद दाखवत असेल तर दोष अ‍ॅटॅकमध्ये आहे. दुसरं, पीजीडी हे एफजीएसएमपेक्षा कमजोर ठरत असेल तरी संशय घ्या. आणि डिफेन्स नसलेल्या दुसऱ्या मॉडेलवर बनवलेले फोटो तुमच्या मॉडेलला जास्त फसवत असतील तर ग्रेडियंट झाकला गेलाय हे जवळजवळ नक्कीच.

माझं एक मत, पटलं तर घ्या. रेडीमेड प्रोजेक्टची झिप विकत घेऊ नका, त्यातला अ‍ॅटॅक बहुतेक वेळा एकच पाऊल एफजीएसएमचा असतो आणि डिफेन्स काय आहे हे त्याला माहीतही नसतं. आणि गाईड निवडायची संधी मिळालीच तर अ‍ॅक्युरसी किती विचारणारे सर नकोत, "तुमचं मॉडेल मी कसं मोडू?" विचारणाऱ्या मॅडम बघा, त्या कितीही खडूस असोत.

खरंच टिकणारं काही हवं असेल तर अ‍ॅडव्हर्सेरियल ट्रेनिंग, म्हणजे ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचवर पीजीडी चालवून त्या फोटोंवर शिकवायचं. सात पावलांचं पीजीडी घेतलंत तर वेळ साधारण आठपट, फुकटच्या जीपीयूवर सेशन तुटणार हे गृहीत धरून प्रत्येक इपॉकला चेकपॉइंट सेव्ह करा. साध्या फोटोंवरची अ‍ॅक्युरसीही पडते: मॅड्री आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या पेपरात सीफार-१० या छोट्या फोटोंच्या डेटासेटवर ८/२५५ साठी साध्या फोटोंवर सुमारे ८७ टक्के आणि पीजीडीखाली सुमारे ४६ आली होती. तुमचे आकडे असे पडलेले दिसले तर घाबरून राउंडची ओळ परत घालू नका. रिपोर्टात तेच आकडे द्या, सोबत पीजीडीची पावलं किती, एप्सिलॉन किती आणि १२८/२५५ ला काय झालं ते लिहा, एक्स्टर्नल पहिल्यांदा तेच विचारतात.