तुळईत दोनच सळ्या? ड्रॉइंग साइटवर जाण्याआधी हे बघ

तू काल दिलेलं ड्रॉइंग मी थांबवून ठेवलंय, रागावू नकोस. सहा मीटर गाळ्याच्या तुळईला खाली १६ मि.मी.च्या दोनच सळ्या? सॉफ्टवेअर ‘पास’ म्हणालं, पण ते फक्त तू दिलेल्या भारापुरतं.

पाच मिनिटांचं हातगणित कर. स्लॅब, फिनिश आणि चालता भार मिळून चौरस मीटरला ७.७५ किलोन्यूटन. तुळया चार मीटर अंतरावर, म्हणजे एकीच्या वाट्याला २४ चौरस मीटर आणि १८६ किलोन्यूटन. तुझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही टोकांच्या प्रतिक्रियांची बेरीज तुळईचं वजन धरूनही ६२ च्या आसपास आहे. बाकीचा भार गेला कुठे?

चौरस मीटरचा आकडा तू तसाच मीटरचा म्हणून भरलास. चारने गुणायचं राहिलं. प्रतिक्रिया आणि भरलेला भार जुळतात म्हणून सॉफ्टवेअर गप्प बसलं. म्हणून बेरीज नेहमी क्षेत्रफळावरून काढलेल्या भाराशी ताडून बघायची.

तुळईचं वजन धरून योग्य भार मीटरला साधारण ३३.६ किलोन्यूटन. दीडपट केला की ५०, आणि मोमेंट ५० × ३६ ÷ ८ = २२५ किलोन्यूटन-मीटर. ५५० प्रभावी खोली आणि Fe500 धरून सळई साधारण १०५० चौरस मि.मी. लागते, तुझी ४०२ आहे. २० च्या चार घातल्या तर १२५६ मिळते. पण २३० रुंदीत त्या एका थरात दाटीने बसतील, मोकळं अंतर तपासून घे. कातरबलही नव्याने काढ, रिंगांचं अंतर बदलेल.

शेजारच्या तुळयाही याच फाइलमधून कॉपी केल्यात ना? त्यासुद्धा उघड.